सहकाऱ्याला बढती मिळाली: अभिनंदन असं लिहा की ते तुमचंच वाटेल

बढतीची यादी पीडीएफमध्ये शाखेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडते आणि पाच मिनिटांत ओळी सुरू होतात. ‘हार्दिक अभिनंदन व पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ ‘यशाचा आलेख असाच उंचावत राहो.’ मग फुलांचा गुच्छ, टाळ्या, पुन्हा गुच्छ. कुणी वरच्याचीच ओळ कॉपी करून खाली चिकटवतो. कुणी दुसऱ्या ग्रुपवरून आलेलं चित्र पुढे ढकलतो आणि त्यावर ‘फॉरवर्ड केलेले’ असा शिक्का तसाच दिसत राहतो. संध्याकाळी ज्यांना बढती मिळाली ते ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ असं एकच वाक्य टाकतात आणि विषय संपतो.

या ओळींत वाईट काही नाही. ग्रुपवर त्या हजेरीचं काम करतात. वाचणारा शब्द वाचत नाही, नावं वाचतो: कोण बोललं, कोण गप्प राहिलं. तेवढंच हवं असेल तर ती ओळ टाका आणि मोकळे व्हा. पण ज्यांच्याबरोबर तुम्ही रोज आठ तास बसता, ज्यांच्या बढतीचा तुम्हाला खरोखर आनंद झाला आहे, त्यांना ही ओळ पाठवली तर तो आनंद त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. असं का होतं हे कळलं की दुसरं काय लिहायचं तेही सुचतं.

भाषेचे तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९६९ मध्ये अभिनंदन या कृतीची साधी फोड केली होती. अभिनंदन होण्यासाठी काही गोष्टी जुळाव्या लागतात. घडलेली घटना ऐकणाऱ्याशी संबंधित असली पाहिजे. ती त्याच्या भल्याची असली पाहिजे आणि बोलणाऱ्यालाही तसंच वाटत असलं पाहिजे. आणि बोलणाऱ्याला तिचा आनंद झालेला असला पाहिजे. अभिनंदन करणं म्हणजे तो आनंद व्यक्त करणं.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टींतच आपलं बिनसतं. आनंद मनात असतो, तो दिसत नाही. म्हणून आपण शब्दाला शब्द जोडत जातो: हार्दिक, मनःपूर्वक, अंतःकरणापासून, त्रिवार. पण हे शब्द कुणीही कुणालाही लिहू शकतो, त्यामुळे कितीही जोडले तरी पुरावा म्हणून ते उपयोगाचे नाहीत. पुरावा लागतो तो अशा तपशिलाचा, जो त्या माणसाचं काम जवळून पाहिल्याशिवाय लिहिताच येत नाही. असा एक तपशील असला की ‘मनःपूर्वक’ लिहावं लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, बढती त्यांच्या भल्याचीच आहे असं आपण गृहीत धरतो. बऱ्याच वेळा ते अर्धंच खरं असतं. त्याकडे पुढे येऊ.

एक प्रसंग घेऊन पाहू. सरकारी बँक, कऱ्हाडची शाखा. तिथे एक क्लार्क आहेत, समजा, सगळे त्यांना वैशालीताई म्हणतात. वीस वर्षं नोकरी झाली. यंदा क्लार्कवरून अधिकारी होण्यासाठी त्यांनी लेखी परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि यादीत नाव आलं. तुम्ही शेजारच्या काउंटरवर आहात, वयाने लहान, त्यांना ‘तुम्ही’ म्हणता. पहिल्या झटक्यात हाताला येतो तो मजकूर असा:

‘आदरणीय वैशालीताई, आपले हार्दिक अभिनंदन! आपण अतिशय कष्टाळू, जिद्दी व मनमिळाऊ आहात. आपल्या अथक परिश्रमांचे हे फळ आहे. आपली उत्तरोत्तर अशीच प्रगती होवो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.’

आता नाव बदलून बघा. ‘वैशालीताई’च्या जागी दुसऱ्या शाखेतल्या, तुम्ही कधी न भेटलेल्या माणसाचं नाव घाला. मजकूर जसाच्या तसा बसतो, म्हणजे त्यात वैशालीताई कुठेच नाहीत. दुसरी परीक्षा तोंडाने म्हणून बघण्याची. चहाच्या टपरीवर उभं राहून तुम्ही त्यांना ‘आपली उत्तरोत्तर प्रगती होवो’ असं म्हणाल का? रोज ‘ताई, जरा शिक्का द्या ना’ म्हणणारा माणूस एकदम ‘आपण’वर आला की त्यांना लगेच कळतं, हे वाक्य कुठून तरी उचललंय. विशेषणांचं तेच. ‘कष्टाळू’ हा निकाल आहे. त्यामागे काय पाहिलं ते सांगितलं नाही तर तो निकाल कुणी वाचून विसरतो, तर कुणाला खुशामत वाटते.

मग तपशील कुठून आणायचा? ‘त्यांचे गुण कोणते?’ असं स्वतःला विचारलंत तर पुन्हा विशेषणंच येतील. प्रश्न असा विचारा: गेल्या वर्षभरात त्या रजेवर असत्या तर कुठलं काम अडलं असतं? किंवा: कुठली गोष्ट मी त्यांचं बघून करायला लागलो? तरीही आठवत नसेल तर दोघांमधलं जुनं चॅट वर सरकवत जा. मार्चअखेर, ऑडिटचे दिवस, सर्व्हर बंद पडला तो दिवस, अशा ठिकाणी थांबा. काम अडतं तिथेच माणूस दिसतो.

बँकेत असा एक महिना ठरलेला आहे, नोव्हेंबर. निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला द्यायला येतात. दाखला वेळेत नाही दिला तर पेन्शन थांबते. अंगठ्याच्या ठशावर डिजिटल दाखला काढायची सोय आहे, पण वय झालं की, किंवा आयुष्यभर हातांनी कष्ट केले असले की, बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन ठसा घेत नाही. मागे रांग वाढत असते. अशा वेळी ‘आजोबा, उद्या या’ म्हणणं सगळ्यांत सोपं. समजा, वैशालीताई तसं म्हणत नव्हत्या. ओल्या फडक्याने बोट पुसून पुन्हा लावायच्या, अंगठा नाही तर दुसरं बोट बघायच्या, आणि काहीच जमलं नाही तर कागदी फॉर्म स्वतः भरून सही घ्यायच्या. हे तुम्ही शेजारी बसून पाहिलेलं आहे.

हे हाती आलं की बहुतेक जण पुढची चूक करतात: सगळंच लिहायला घेतात. पेन्शन काउंटर, लॉकर, केवायसी, सोनेतारण, ऑडिट, नव्या मुलांना शिकवणं. सहा गोष्टी एका मजकुरात आल्या की तो निरोप समारंभातल्या भाषणासारखा, नाहीतर गोपनीय अहवालातल्या शेऱ्यासारखा वाटू लागतो. एकच गोष्ट घ्या आणि ती नीट दिसेल अशी लिहा. बाकीच्या पाच प्रत्यक्ष भेटीत बोलायला ठेवा.

शेवटचा मजकूर असा होऊ शकतो:

‘ताई, यादीत तुमचं नाव बघितलं आणि फार आनंद झाला. नोव्हेंबरात ज्या आजोबांचा अंगठा मशीन घेत नव्हतं, त्यांना तुम्ही परत पाठवलं नाहीत. एकेक बोट पुसून लावून बघितलंत आणि शेवटी फॉर्मच भरून घेतलात. तेव्हापासून मीही कुणाला “उद्या या” म्हणण्याआधी थांबतो. पोस्टिंगचं कळलं की सांगा. इथलं काही बघायचं असेल तर मी आहे.’

पन्नासेक शब्द आहेत, फोनच्या एका पडद्यावर मावतात. वैयक्तिक निरोपाला याहून जास्त लागत नाही. पहिल्या वाक्यात फक्त आनंद आहे, पण ‘यादीत नाव बघितलं’ या तीन शब्दांनी तो एका क्षणाला बांधला गेलाय. मधली दोन वाक्यं पाहिलेली गोष्ट सांगतात आणि त्यांत विशेषण एकही नाही, सगळी क्रियापदं आहेत: परत पाठवलं नाहीत, लावून बघितलंत, भरून घेतलात. ‘तुम्ही प्रेमळ आहात’ असं कुठेही न म्हणता ते वाचणाऱ्याला मिळतं, आणि स्वतःहून मिळालेलं असल्यामुळे त्याला ते नाकारावंसं वाटत नाही. चौथं वाक्य माझ्या मते सगळ्यांत मोलाचं आहे. त्यांच्या वागण्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला हे तुमच्याशिवाय दुसरं कुणी सांगूच शकत नाही. शेवटच्या दोन वाक्यांत भविष्य आहे, पण ते यशाच्या आलेखाचं नाही, पुढच्या पंधरवड्याचं आहे.

पोस्टिंगचा उल्लेख तिथे मुद्दाम आहे. सरकारी बँकेत क्लार्कचा अधिकारी झाला की बहुधा बदली येते, आणि ती जवळच होईल याची खात्री नसते. मुलगी दहावीत, सासूबाईंचं आजारपण, नवऱ्याची नोकरी गावातच, अशा घरात यादीतलं नाव आनंदाबरोबर एक मोठा प्रश्नही घेऊन येतं. कितीतरी क्लार्क याच कारणाने परीक्षेचा अर्जही भरत नाहीत. म्हणून ‘आता काय, मज्जा आहे तुमची!’ किंवा ‘स्वप्न पूर्ण झालं!’ असं लिहिणं धोक्याचं. ते त्यांचं स्वप्न होतं की पगाराची गरज, हे तुम्हाला माहीत नसेल. सर्ल यांची दुसरी अट इथे आडवी येते: घटना त्यांच्या भल्याची आहे हे तुम्ही परस्पर ठरवून टाकता. त्याऐवजी ‘पोस्टिंगचं कळलं की सांगा’ एवढं म्हटलं की त्यांना आनंद सांगायचा तर आनंद, काळजी सांगायची तर काळजी, दोन्हीला वाट मिळते.

तपशील निवडताना एक पथ्य पाळा. तो खरा असला पाहिजे हे तर आहेच, शिवाय उघड झाल्यावर कुणाला अडचणीत आणणारा नसावा. ‘त्या दिवशी माझी कॅश शॉर्ट आली तेव्हा तुम्ही तुमच्या पैशांतून भरलीत’ ही आठवण हृद्य असली तरी ग्रुपवर लिहिलीत तर दोघांनाही खुलासा द्यावा लागेल. ग्राहकाचं नाव, कर्जाची रक्कम, साहेबांशी झालेला वाद, हेही नको. अशी आठवण असेल तर ती समोरासमोर सांगा.

आता संबोधनाचं. मराठीत अभिनंदन बनावट वाटायचं मोठं कारण ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांची गल्लत हे आहे. नियम सोपा आहे: काल जे म्हणत होता तेच आज म्हणा. ‘अगं’ म्हणत असाल तर ‘अगं, बघितलं का यादी! तुझं नाव!’ यापेक्षा खरं वाक्य कुठलंही नाही. साहेबांना ‘सर’ म्हणत असाल तर ‘सर, अभिनंदन’ म्हणा, ‘आदरणीय’ लावू नका. अवघड होतं ते एकाच ठिकाणी, जेव्हा कालपर्यंत ‘अरे-तुरे’ असलेला मित्र आता तुमचाच साहेब होणार असतो. वैयक्तिक निरोपात ‘तू’च ठेवा. तिथे एकदम ‘तुम्ही’ केलंत तर त्याला ते टोमण्यासारखं लागेल किंवा तुम्ही दूर गेलात असं वाटेल. ग्रुपवर मात्र इतरांसमोर ‘तू’ की ‘तुम्ही’ असा पेच पडतो. तिथे सर्वनामच टाळता येतं: ‘नितीन, मनापासून अभिनंदन. ऑडिटच्या आठवड्यात शाखा ज्या शांतपणे चालली, ते विसरणार नाही.’ कार्यालयात चारचौघांत काय म्हणायचं ते नंतर त्यालाच विचारा, सरळ.

काही वाक्यं चांगल्या मनाने लिहिली जातात आणि तरीही बोचतात. ‘शेवटी एकदाची मिळाली!’ यात ऐकणाऱ्याला ‘शेवटी’ ऐकू येतं. मागच्या दोन वेळी नाव आलं नव्हतं याची ती आठवण असते. ‘उशिरा का होईना, न्याय मिळाला’ यात तर एक तक्रारही आहे, जी त्यांनी केलेली नाही आणि जी वरच्यांच्या कानावर त्यांच्या नावाने जाऊ शकते. ‘तुम्ही यासाठी अगदी योग्य आहात’ हे साहेबांनी म्हटलं तर ठीक, पण नुकत्याच लागलेल्या मुलाने वीस वर्षं काम केलेल्या माणसाला म्हटलं की तो प्रमाणपत्र देतोय असं वाटतं. त्याने ‘तुमच्याकडून मी अमुक शिकलो’ असं म्हणावं, ते त्याच्या अधिकारातलं आहे. ‘घर सांभाळून हे केलंत, कमाल आहे’ हे फक्त बायकांनाच लिहिलं जातं. लिहिणाऱ्याला कौतुक करायचं असतं, पण कौतुक कामावरून घराकडे सरकतं आणि त्या परीक्षेत किती चांगल्या उतरल्या हे बाजूला राहतं. ‘पेढे कधी?’ हे वाक्य मात्र मला वाईट वाटत नाही, फक्त ते एकटं नको. आधी अभिनंदन, मग पेढे.

साहेब हाताखालच्यांचं अभिनंदन करत असतील तर त्यांनी तुलना टाळायला हवी. ‘बाकीच्यांनीही यांच्यासारखं काम करावं’ असं म्हटलं की ज्यांना बढती मिळाली त्यांचा टेबलावरचा पुढचा महिना अवघड होतो. कुठल्या कामामुळे साहेबांची डोकेदुखी कमी झाली एवढं नेमकं सांगितलं तरी पुष्कळ.

सगळ्यांत कठीण प्रसंग असतो तो तुम्हीही त्याच परीक्षेला बसला होता आणि तुमचं नाव आलं नाही, तेव्हाचा. इथे पूर्ण आनंद झाल्याचं नाटक करू नका, कारण शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ते दिसतं. आणि स्वतःचं दुःखही त्या निरोपात घालू नका. तुम्हीही बसला होता हे त्यांना माहीत असतं, त्यांनी तुमची समजूत काढत बसावं अशी वेळ त्यांच्यावर आणू नये. आपल्या मनातला जेवढा भाग खरा आहे तेवढाच लिहायचा. ‘अभिनंदन. अभ्यासाच्या वेळी तू तुझ्या नोट्स मला दिल्या होत्यास, ते लक्षात आहे. तुझं नाव आलं याचं बरं वाटलं.’ यात ‘प्रचंड आनंद’ नाही, पण जे आहे ते खरं आहे. तेवढंही खरं नसेल तर एक दिवस थांबा. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी जाऊन, हात हातात घेऊन, नाव घेऊन ‘अभिनंदन’ एवढंच म्हणा. समोर जाऊन उच्चारलेला तो एक शब्द लांबलचक मजकुरापेक्षा प्रामाणिक असतो. ‘पुढच्या वेळी माझा नंबर’ हे मात्र गिळून टाका.

वेळेचंही थोडं गणित आहे. यादी किंवा ऑर्डर अधिकृतपणे निघेपर्यंत अभिनंदन करू नका, ‘आतून कळलंय’ असलं तरी. नाव खाली-वर झालं तर त्यांची पंचाईत होते. यादी आली की त्याच दिवशी ग्रुपवर एक ओळ टाका. तिथे लांब लिहिलंत तर ते इतरांना दाखवण्यासाठी वाटतं. वैयक्तिक निरोप त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पाठवा. पहिल्या तासात चाळीस मेसेज येत असतात, त्यात तुमचा हरवेल. ग्रुपवर आणि वैयक्तिक दोन्हीकडे तोच मजकूर चिकटवू नका. रोज भेट होत असेल तर बोलणंच आधी करा. लिंक्डइन बटणावर जे तयार वाक्य सुचवतं ते दाबायचं असेल तर दूरच्या ओळखीसाठी दाबा. शेजारच्या टेबलासाठी ते नको.

प्रत्यक्ष भेटलात की लगेच स्तुती सुरू करू नका, एक प्रश्न विचारा. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जोडप्यांचा अभ्यास करून दाखवलं होतं की माणूस चांगली बातमी सांगतो तेव्हा समोरचा रस घेऊन, प्रश्न विचारून प्रतिसाद देतो की नुसतं ‘छान’ म्हणून थांबतो, याचा नात्याशी संबंध असतो. तो अभ्यास जोडप्यांचा होता, कार्यालयाचा नव्हे, तरी प्रश्नाने काय होतं ते टेबलावरही दिसतं. ‘मुलाखतीत काय विचारलं हो?’ ‘यादी बघितली तेव्हा कुठे होता तुम्ही?’ ‘घरी पहिल्यांदा कुणाला सांगितलं?’ असं विचारून गप्प बसा. तो क्षण त्यांना पुन्हा एकदा सांगायला मिळतो आणि तुम्हाला वेगळी स्तुती करावी लागत नाही. फक्त ‘मार्क किती पडले?’ आणि ‘पगार किती वाढला?’ हे प्रश्न नकोत.

आणि एक शक्यता लक्षात असू द्या. पोस्टिंग फार लांबची आली म्हणून वैशालीताई बढती नाकारूही शकतात. तेव्हा ‘अरेरे, एवढी संधी सोडलीत’ असं लिहू नका आणि आधीचा अभिनंदनाचा मेसेज पुसूही नका. तुम्ही लिहिलेलं नोव्हेंबरच्या रांगेबद्दल होतं, ते पदाबरोबर रद्द होत नाही. ‘ठरवलंत ते विचार करूनच ठरवलं असेल. उद्या काउंटरवर भेटू’ एवढं पाठवा.